क्षेत्राचं शेत, मग क्षीराची खीर का? ध्वनिबदल नियमाने होतो की शब्दाशब्दाने?

चौकस_वाचक

क्षेत्राचं शेत झालं, मक्षिकेची माशी झाली, इक्षूचा ऊस झाला. पण क्षीराची खीर, कक्षेची काख, तीक्ष्णाचं तिखट. निओग्रामेरियन म्हणवणारे जर्मन भाषाशास्त्रज्ञ 1878 पासून सांगतायत की ध्वनिबदल अपवाद न ठेवता होतो. मग एकाच क्ष ला एकाच भाषेत दोन वाटा कशा फुटल्या? की लेक्सिकल डिफ्यूजनवाले म्हणतात तसं, बदल एकेक शब्द घेत पसरतो आणि मधेच अडकतो? कृपया बाजू घेऊन बोला, "दोन्ही थोडं थोडं बरोबर" हे उत्तर मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

रानवाट

यात एवढं कोडं काय आहे? मराठीचा नियम क्ष चा स किंवा श, हिंदीचा नियम क्ष चा ख. शेत-खेत, माशी-मक्खी, ऊस-ईख, कूस-कोख. जोड्या लावत जा, बरोबर बसतात. मराठीत जिथे ख दिसतो तो शब्द हिंदीकडून आलेला, खीर तर उघडच आहे. नियमाला अपवाद नाही, आपण उसने शब्द मोजतोय म्हणून अपवाद वाटतात.

शब्दागणिक

रानवाट, जोड्या छान आहेत पण सोयीच्या निवडल्यात. हिंदीत अस्वलाला रीछ म्हणतात, ऋक्ष वरून. सुरीला छुरी म्हणतात, क्षुरिका वरून. ही दोन्ही तुमच्या "हिंदीचा नियम ख" ला धक्का देतात. आणि मराठीकडे बघा, भूक हा शब्द बुभुक्षा वरून भुक्खा होऊन आलाय, म्हणजे ख च्या वाटेने आलाय, शेवटचा ह-कार नंतर गळला. काख, राखणे, शिकणे, तिखट, पाखरू, लाख, सगळे त्याच वाटेचे. आता मला सांगा, भूक लागलीये हे सांगायला मराठी माणसाने हिंदीकडून शब्द कशाला आणावा? काखेसाठी कोण शब्द उसना आणतं? खीर एकवेळ पक्वान्न म्हणून फिरत आली असं मानू. शरीराच्या अवयवाचं आणि भुकेचं काय?

माझी बाजू स्पष्ट आहे. 1969 साली विल्यम वांग यांनी नेमकी हीच परिस्थिती मांडली होती, की एकाच ध्वनीवर दोन बदल एकाच काळात काम करत असतील तर काही शब्द एकाच्या हाती लागतात, काही दुसऱ्याच्या, आणि मागे जो खिचडी साठा उरतो तो कुठल्याही एका नियमाने सुटत नाही. क्ष चा ख आणि क्ष चा छ हे दोन बदल एकमेकांशी स्पर्धेत होते, शब्द वाटले गेले, संपला विषय. मराठीत छ चा पुढे स झाला म्हणून आज आपल्याला ख आणि स दिसतात. आणि याचा पुरावा म्हणजे कक्षा या एकाच शब्दाची काखही झाली आणि कासही झाली, कासोट्यातली कास. एकच शब्द दोन्ही वाटांनी गेला.

मास्तरीणबाई

माझा अनुभव सांगते, बत्तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात क्ष नीट उच्चारणारी मुलं हाताच्या बोटावर. लक्षचं लक्श, शिक्षकचं शिक्शक, परीक्षाला परिक्शा. काही घरांतून आलेली मुलं तर शिक्सक म्हणतात. म्हणजे बदल आजही चालूच आहे आणि तो सगळ्याच शब्दांत सारखा चालू आहे, रिक्षात सुद्धा. त्यामुळे मला निओग्रामेरियन बाजू पटते.

जुनीपोथी

मास्तरीणबाई, तुमचं निरीक्षण खरं आहे पण तो वेगळा थर आहे. लक्ष, परीक्षा, शिक्षक हे शब्द मराठीने संस्कृतातून नंतर जसेच्या तसे घेतले, आणि रिक्षा तर जपानीतून इंग्रजीमार्गे आली. तोंडातोंडी घासत आलेला शब्द वेगळा. पक्षी आपण पुस्तकातून घेतला, पाखरू घरातूनच आलंय. धागा घरातून आलेल्या शब्दांविषयी आहे. शिक्षक आणि शिकणे यांचं मूळ एकच, पण पहिल्यातला क्ष मराठीत येऊन फार दिवस झालेले नाहीत.

आता मूळ मुद्दा. मी निओग्रामेरियन बाजूने लिहितोय, पण रानवाट यांनी लावला तसा नियम नाही. "मराठी विरुद्ध हिंदी" ही वाटणी फार उशिराची आहे, क्ष फुटला तेव्हा मराठीही नव्हती आणि हिंदीही नव्हती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात जा. अशोकाचे शिलालेख म्हणजे एकच मजकूर वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या बोलीत कोरलेला, आपल्या कामासाठी यापेक्षा चांगली वस्तू नाही. सौराष्ट्रात जुनागडजवळ गिरनारला झाडांसाठी "व्रछा" कोरलंय, तिकडे देहरादूनजवळ कालसीला त्याच वाक्यात "लुखानि". क्षुद्र माणसासाठी गिरनारला "छुदकेन", कालसीला "खुदकेन". म्हणजे पश्चिमेच्या बोलीत छ, आणि ज्या बोलीत पाटलीपुत्राचा दरबार चालायचा त्या पूर्वेच्या वळणात ख. प्रत्येक बोली आपल्या जागी नियमाने वागतेय.

आणि आता गंमत म्हणजे गिरनारलाच एका ठिकाणी ख सापडतो. कुठे? "इथीझखमहामाता" या शब्दात. स्त्रियांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, स्त्री-अध्यक्ष-महामात्र. अध्यक्ष मधल्या क्ष चा तिथे ख झालाय. झाडाला छ, क्षुद्राला छ, आणि सरकारी हुद्द्याला ख. हुद्दा राजधानीतून आला तो तिथल्या उच्चारासकट आला. शब्दागणिक, तुम्ही म्हणता ती खिचडी कशी शिजते हे इथे दगडावर दिसतंय. गिरनारच्या माणसाच्या तोंडात क्ष चा ख झाला नाही, ख असलेला तयार शब्द बाहेरून आला. लाइपझिगच्या निओग्रामेरियन मंडळींनी, ऑस्टहॉफ आणि ब्रुगमन यांनी, नियमाला जी पळवाट ठेवली होती ती हीच, बोलींची सरमिसळ. दुसरी पळवाट सादृश्य, म्हणजे एका रूपाने आपल्याच कुटुंबातल्या दुसऱ्या रूपासारखं होणं. ज्यूल ब्लॉक यांनी मराठीवर लिहिलं तेव्हा त्यांनीही स ची वाट मराठीची स्वतःची धरली आणि ख वाले शब्द बाहेरच्या बोलींकडून आलेले मानले.

काख कोण उसनी घेतो, हा प्रश्न मात्र योग्य आहे. पण शेजारच्या बोलीतून शब्द घेणं म्हणजे परक्या भाषेतून घेणं नव्हे. लग्नं इकडून तिकडे होतात, सून येते ती तिच्या घरचे शब्द घेऊन येते, आणि त्यात काखही येते, भूकही येते.

शब्दागणिक

सर, गिरनारचं उदाहरण जबरदस्त आहे आणि त्या एका हुद्द्यापुरतं मी मान्य करतो. पण एका सरकारी हुद्द्यावरून तुम्ही अख्ख्या भुकेला, काखेला, पाखराला तोच न्याय लावताय, तेवढी उडी मोठी आहे.

आणि सुनेचं जे तुम्ही सांगितलं ते नीट बघा. सून आली, तिच्या तोंडून ख वाला शब्द घरात आला, काही वर्षं दोन्ही रूपं घरात चालली, मग एक राहिलं एक गेलं. दुसऱ्या शब्दाचं दुसऱ्या घरी वेगळं झालं. हे काय आहे? हाच तर शब्दाशब्दाने पसरणारा बदल. तुम्ही त्याला सरमिसळ म्हणता आणि नियम वाचवता, मी त्याला डिफ्यूजन म्हणतो. फरक कुठे उरला? जिथे जिथे नियम मोडतो तिथे तिथे "बाहेरून आला" म्हणायची सोय असेल तर तो नियम कधी खोटा ठरणार, हे मला कुणीतरी सांगा.

अजून एक. गिरनार आजच्या गुजरातेत आहे. गुजरातीत शेताला काय म्हणतात? खेतर. माशीला? माखी. जिथे दगडावर छ कोरलाय तिथल्याच भाषेत आज ख आहे, आणि तिथून लांब आपल्याकडे शेत आणि माशी. बोलीचा नकाशा इतका सरळ असता तर गुजराती सगळ्यात पक्की छ वाली निघायला हवी होती.

जुनीपोथी

नियम खोटा कधी ठरेल हा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर देतो, कारण मराठीत ते तपासता येतं आणि तेही घरबसल्या.

क्ष चा छ झाला, त्यानंतर मराठीत छ चा स झाला, आणि त्यानंतर तिसरी पायरी, या स च्या पुढे इ किंवा ए आला की त्याचा श. आता शब्द मांडा. ऊस, कूस, सण (क्षण वरून), सुरी, तासणे (तक्ष वरून), इथे पुढे अ किंवा उ आहे किंवा शब्दच संपलाय, म्हणून स. शेत, माशी, इथे ए आणि ई आहे, म्हणून श. क्ष कडून आलेलेच नाही, मूळच्या छ चे शब्द पण तसेच, शेण, शेळी, शिंक. मूळच्या स चेही तसेच, सिन्दूरचा शेंदूर, शिजणे, शिवणे, सीमेची शीव. अर्थ काहीही असो, शब्द रोजचा असो की वर्षातून एकदा लागणारा, शेण असो की शेंदूर, कुणाला सूट नाही. म्हैस पण एकीचं अनेक झालं की म्हशी. बदल शब्द निवडत पसरला असता तर कुठेतरी सेण, सिंक, सेळी, असं एखादं घरचं रूप प्रमाण मराठीत मागे उरलं असतं. सेवा, सीमा, सिंह आहेत, पण ते पुस्तकातून आलेले, आणि सीमेचा घरचा भाऊ शीव शेजारीच उभा आहे.

तर खोटा कसा ठरवायचा? असा एक घरचा शब्द दाखवा की ज्यात स च्या पुढे इ किंवा ए आहे, तो संस्कृत-फारसी-इंग्रजीतून घेतलेला नाही, आणि ज्याच्या कुटुंबात स वालं दुसरं रूप नाही.

गुजरातीचा मुद्दा मी टाळत नाही. सोळंकी काळापासून पुढे उत्तरेकडून, राजस्थान-माळव्याकडून माणसं आणि भाषा दोन्ही तिकडे उतरत राहिली, आणि आजची गुजराती त्या साखळीतली भाषा आहे, अशोकाच्या गिरनारची सरळ मुलगी नाही. तरी माखी आणि खेतर हे एवढ्यावर सुटतं असा माझा दावा नाही.

सातपुडा_९९

आमच्याकडं वऱ्हाडात ळ चा य होतो तो पण असाच का? डोळ्याला डोया, काळ्याला काया, केळीला केयी. माझी आजी एकही ळ बोलायची नाही, एकही म्हणजे एकही नाही, नवीन शब्द आला तरी त्यातला ळ य होऊनच बाहेर पडायचा. पण आम्ही नागपूरला शिकलो तर आमचं असं झालं की घरी डोया आणि कॉलेजात डोळा, आणि माझ्या बहिणीच्या तोंडी काही शब्द कायमचे ळ चे झाले, शाळा ती शाळाच म्हणते घरी पण, पण केयी अजून केयीच. मंग आता आजी निओग्रामेरियन आणि बहीण डिफ्यूजनवाली असं समजायचं का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

जुनीपोथी

सातपुडा, तुम्ही दोन ओळींत फार कामाचं सांगितलंत. आजीच्या बोलीत बदल पूर्ण झालेला, नियम शंभर टक्के. बहिणीकडे जे चाललंय तो ध्वनिबदलच नाही, ती दुसऱ्या बोलीतून एकेक शब्द परत घेतेय, आणि शाळा हा शब्द शाळेत ऐकलेला असतो म्हणून तो आधी बदलतो, केळी घरात राहते म्हणून ती मागे राहते. बदल घडणं आणि बदललेला शब्द पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

शब्दागणिक

आणि माझं म्हणणं असं की आजीच्या आधीच्या पिढ्यांत काय झालं ते आपण पाहिलेलं नाही. आजीपाशी आपण पोचलो तेव्हा बदल संपलेला होता. संपलेला बदल नेहमीच नियमित दिसतो, कारण मागे राहिलेले शब्दही शेवटी ओढले गेलेले असतात. तुमची शेण-शेळी-शिंकेची यादी पण तशीच, हजार वर्षांपूर्वी संपलेल्या बदलाची. चालू असलेला बदल बघायचा तर तो मधेच पकडावा लागतो, आणि मधे पकडला की तो शब्दाशब्दाने चाललेला दिसतो.

मधे पकडलेला देतो, आजच्या मराठीतला. पैसेचं पैशे. गावात, शहरात, बसमध्ये, शिकलेली माणसं सुद्धा बोलताना पैशे म्हणतात. असेचं अशे, कसेचं कशे, हेही ऐकू येतं. पण ससेचं सशे, आरसेचं आरशे मी क्वचितच ऐकलंय. तोच स, पुढे तोच ए. सगळ्यात जास्त वापरातले शब्द पुढे गेलेत, बाकीचे मागे. जोन बायबी यांनी इंग्रजीत शब्दाच्या शेवटी ट-ड गळतात त्यावर दाखवलं ते हेच, ज्या शब्दाची तोंडात जास्त ये-जा तो आधी झिजतो.

गोंयची_सय

पैशे चं माझ्या पण मनात आलं होतं! मी पणजीची, घरी कोंकणी. आमच्याकडे शेत, ऊंस, आणि माशीला मूस. मूस मध्ये पुढे ई उरली नाही म्हणून स तसाच राहिला, जुनीपोथींची तिसरी पायरी आमच्याकडेही लागू पडते असं दिसतंय, फक्त माशीने शेपूट टाकलं.

पण पैशे बद्दल एक विचारायचं होतं. तो स च्या पुढे ए आहे म्हणून होतोय असं असेल तर बसेल चं बशेल, हसेल चं हशेल का होत नाही? बसणं काय कमी वापरातलं आहे का? पैशे म्हणणाऱ्या माझ्या कोल्हापूरच्या मैत्रिणी कधीही बशेल म्हणत नाहीत.

जुनीपोथी

गोंयची_सय, तुमच्या या एका प्रश्नाने पैशे चा निकाल लागतो असं मला वाटतं. पैशे, अशे, कशे या तिघांत समान काय आहे ते बघा. पैसा, पण पैशाला, पैशांचा, पैशात. असा, पण अशा, अशांना. कसा, पण कशा, कशाला. तिघांच्याही घरात श आधीच राहतोय, आणि पैशाच्या बाबतीत तर पैशाला-पैशांचं हीच रूपं तोंडात जास्त. तो श शेजारच्या खोलीतून पैसे मध्ये आला. बसेल च्या घरात श कुठेच नाही, बसतो, बसला, बसायचं, सगळीकडे स, म्हणून तिथे काही झालं नाही. पुढचा ए इथे काही करत नाहीये, नाहीतर त्याने बसेल सोडला नसता. हे सादृश्य आहे, ध्वनिबदल नाही.

शब्दागणिक

बसेल चा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मांडलेल्या कारणाला लागतो. पण मग दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक, ससा-सशाला, आरसा-आरशात, यांच्याही घरात श आहेच की. मग पैसे पुढे का गेला आणि ससे मागे का? तिथे तुम्हाला वापराचं प्रमाण आणावंच लागतं, म्हणजे शब्दाशब्दाने आलंच. पॉल किपार्स्की तर उघड म्हणाले की ज्याला डिफ्यूजन म्हणतात ते सादृश्याचंच रूप आहे, मला त्यावर भांडायचं नाही, नाव काहीही द्या, शब्द एकेक करून जातायत एवढं खरं.

दुसरं, बसे आणि असे ही क्रियापदांची रूपं जुन्या मराठीत आहेतच, ज्ञानेश्वरीच्या काळातली. तुमची तिसरी पायरी बिनअपवाद होती तर तेव्हाच बशे का नाही झालं? तुम्ही म्हणणार बसणे च्या सादृश्याने स टिकला. म्हणजे पैशे झालं ते सादृश्याने आणि बसे राहिलं तेही सादृश्याने.

जुनीपोथी

हो, दोन्ही सादृश्याने, आणि त्यात मला अडचण वाटत नाही, कारण सादृश्याला एक अट आहे, घरात दुसरं रूप हवं. म्हणून तर वर तशी अट घातली होती. शेण, शेळी, शिंक, शेंदूर यांना असं घरच नाही, आणि नेमके तेच शब्द शंभर टक्के नियमाने गेलेत. जिथे घर आहे तिथेच गडबड आहे. अपवाद कुठे सापडेल हे आधी सांगता येत असेल तर ती पळवाट राहत नाही. ससे का मागे राहिला, त्याचं उत्तर वापर हेच असावं, ते मी नाकारत नाही.

रानवाट

मला वाटतं फिलाडेल्फियाचं उदाहरण इथे बसेल. विल्यम लबाव यांनी 1981 च्या लेखात हेच भांडण सोडवायचा प्रयत्न केलाय. फिलाडेल्फियाच्या इंग्रजीत मॅड, बॅड, ग्लॅड मधला ॲ ताणलेला आणि उंच, पण सॅड, डॅड मधला साधा. पाचांच्याही शेवटी ड, तरी तीन एकीकडे दोन दुसरीकडे. हा शब्दाशब्दाने. पण त्याच गावात दुसरे काही स्वर हळूहळू सरकताना मोजले तर सगळे शब्द मिळून सरकतात, कुणी मागे राहत नाही. लबाव म्हणतात जीभ तसूतसूने सरकते तिथे निओग्रामेरियन, आणि एका ध्वनीवरून दुसऱ्या ध्वनीवर थेट उडी असते तिथे डिफ्यूजन. मग क्ष चा ख ही उडी आहे, म्हणून शब्दागणिक बरोबर. आणि स चा श हे सरकणं आहे, म्हणून जुनीपोथी बरोबर.

चौकस_वाचक

रानवाट, उदाहरणासाठी आभार, हे मला माहीत नव्हतं. पण क्ष चा ख ही उडीच होती हे कसं कळणार? दोन हजार वर्षांपूर्वी क्ष कसा उच्चारायचे, ख पर्यंत तो हळूहळू घासत आला की एकदम, याचं ध्वनिमुद्रण नाही. लबाव यांच्याकडे जिवंत माणसं होती.

अजून एक विचारतो. अवेस्तात, म्हणजे संस्कृतच्या नात्यातल्या जुन्या इराणी भाषेत, आपल्या क्ष च्या जागी कधी ख्श येतो आणि कधी नुसता श. म्हणजे मुळात दोन वेगळे ध्वनी संस्कृतात येऊन एक क्ष झाले असं म्हणतात. मग ज्यांचा मूळ ख्श त्यांचा ख, ज्यांचा मूळ श त्यांचा छ, असं तर नाही? वर्नर यांनी ग्रिमच्या, म्हणजे जर्मानिक भाषांतल्या व्यंजनबदलाच्या, नियमाचे अपवाद असेच जुन्या आघातावर बोट ठेवून सोडवले होते ना.

जुनीपोथी

ही चाल फार जुनी आणि फार मोहात पाडणारी आहे. सुरुवात सुंदर होते. क्षेत्र ला अवेस्तात शोइथ्र, नुसता श, आणि आपल्याकडे शेत. तक्ष ला तश, आपल्याकडे तासणे. क्षत्र ला ख्शथ्र, आणि पालीत खत्तिय. तीन शब्द ओळीने बसतात आणि माणसाला वाटतं सापडलं.

मग माशी येते. अवेस्तात मख्शी, म्हणजे ख्श, म्हणजे ख हवा. हिंदी मक्खी बसते, गुजराती माखी बसते, आपली माशी बसत नाही. दक्षिण ला अवेस्तात दशिन, म्हणजे छ हवा, तर पालीत दक्खिण. वर्नर यांचं यश यात होतं की आघाताचा नियम लावल्यावर अपवादांचा ढीग जवळजवळ रिकामा झाला. इथे ढीग लहान होतो पण उरतो, आणि उरलेला प्रत्येक शब्द परत "दुसऱ्या बोलीतून" म्हणून सोडवावा लागतो. म्हणून मी ही चाल पुरावा म्हणून वापरत नाही.

शब्दागणिक

हे प्रामाणिकपणे सांगितलंत त्याबद्दल आभार. माझ्या बाजूचंही एक सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चीनच्या चाओचौ बोलीचं आहे, तिथे जुन्या एका सुराचे शब्द दोन नव्या सुरांत जवळजवळ निम्मे-निम्मे वाटले गेले आणि वाटणीला कुठलंही ध्वनीचं कारण सापडेना. पुढे टीका झाली की तिथे वाचनाचा उच्चार आणि बोलण्याचा उच्चार असे दोन थर एकमेकांत मिसळलेत, म्हणजे तुमचं गिरनारच. ती टीका मला बरीचशी पटते. पण क्ष च्या बाबतीत दोन थर होते हे दाखवायला हुद्द्यासारखे आणखी शब्द हवेत. ख वाले शब्द जर बाहेरून आलेले असतील तर ते कुठल्यातरी एका प्रकारचे असावेत, कारभाराचे, धर्माचे, व्यापाराचे. भूक, काख, पाखरू, राख यांना कुठला थर लावणार?

जुनीपोथी

थर लावता येत नाही, बरोबर आहे. पण स वाल्या बाजूचा एक रंग दिसतो का बघा. शेत, ऊस, माशी, सुरी, तासणे, कास. शेतीचं आणि हाताच्या कामाचं बरंच. ही यादी लहान आहे आणि त्यावर इमारत उभी करू नये हे मलाही कळतं, सण आणि कूस त्यात बसत नाहीत.

सातपुडा_९९

कास वरून आठवलं, आमच्याकडं गाईच्या थानांच्या वरच्या भागाला पण कास म्हणतात, गाय कास सोडते म्हणतात व्यायच्या आधी. ती पण कक्षेचीच का वेगळी? आणि काख ला आमची आजी खाक म्हणायची. उलटंच.

गोंयची_सय

खाक मी सुद्धा मराठी बोलणाऱ्यांकडून ऐकलंय, क आणि ख ची अदलाबदल. पण एवढं नक्की की खाक म्हणा की काख, स वालं रूप बगलेसाठी कुणीच वापरत नाही, आणि कासोट्याला काखोटा म्हणत नाही. काखोटीला मारणे म्हणतो ते बगलेचंच. दोन रूपं आली तेव्हा दोघांनी अर्थ वाटून घेतले.

शब्दागणिक

आणि दोघांना वाटणी करायला वेळ मिळाला म्हणजे काही पिढ्या तरी एकाच घरात दोन्ही रूपं बोलली जात होती. जुनीपोथी, तुम्ही म्हणाल दोन बोली, मी म्हणेन एकाच बोलीत दोन उच्चार. एकाच माणसाच्या तोंडात दोन्ही असतील तर तो माणूस कुठल्या बोलीचा?

जुनीपोथी

दोन्ही बोलींचा. सातपुडांची बहीण घरी केयी म्हणते आणि शाळा म्हणते, तरी वऱ्हाडीचा नियम काय आणि नागपूरच्या कॉलेजातला काय हे तिला विचारलं तर ती दोन्ही वेगळे करून सांगेल. तुम्ही जे मागताय ते असं आहे की जिथे दुसरी बोली आसपास नाही अशा जागी बदल अर्धवट, शब्द निवडत चाललेला दाखवा. फिलाडेल्फियाचे मॅड-बॅड-ग्लॅड मला म्हणून तुमच्या बाजूचे सगळ्यात भक्कम वाटतात, क्ष नाही.

सातपुडा, गाईच्या कासेचं मूळ मी आत्ता सांगत नाही, ती वेगळी तपासावी लागेल. पण एक करा, घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना गाईची कास, कासोटा आणि काख तिन्ही एका वाक्यात बोलायला लावा आणि प्रत्येकात स, ख की खाक येतो ते इथे लिहा.